कॅनमधून बाटलीत

तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं एखादं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. जिन्याखाली सफाईच्या सामानाचं कपाट असतं. त्यात हायपोचा पाच लिटरचा कॅन, संडास घासायच्या ॲसिडच्या बाटल्या, फिनाईल, फरशीचं लिक्विड, साबणाचा चुरा आणि कोपऱ्यात मिनरल वॉटरच्या दोन-तीन रिकाम्या, म्हणजे दिसायला रिकाम्या नसलेल्या बाटल्या. त्यांतलं द्रावण पाण्यासारखंच दिसतं. ते काय आहे, हे ज्या मावशींनी भरलं त्यांनाच ठाऊक, आणि त्या आज रजेवर आहेत.

कॅनवर कंपनीने सगळं छापलेलं असतं. पदार्थाचं नाव, त्याची टक्केवारी, बनवल्याची तारीख, धोक्याचं चिन्ह, डोळ्यांत गेलं तर काय करायचं ते. मावशी त्यातलं पाव लिटर लहान बाटलीत ओततात तेव्हा द्रव बाटलीत जातो आणि ही सगळी माहिती कॅनवरच राहते. पाच लिटरचा कॅन घेऊन कोणी तीन मजले फिरणार नाही, त्यामुळे दुसरी बाटली टळत नाही. सफाईच्या रसायनांचे बहुतेक अपघात या दुसऱ्या बाटलीशी येऊन थांबतात. म्हणून पाणी किती घालायचं, चिठ्ठी कशी लावायची, कपाट कसं लावायचं, फडकं कोणत्या रंगाचं, हे सगळे प्रश्न खरं तर एकच आहेत. पहिल्या हाताला जे माहीत आहे ते दुसऱ्या हातापर्यंत पोचवायचं कसं?

मोठ्या हॉटेलांत यावर आकड्यांचा तोडगा रुळला आहे. टास्की या ब्रँडची आर-वन, आर-टू, आर-थ्री अशी मालिका भारतीय हॉटेलांत इतकी पसरली की रूम बॉय ‘आर-टू संपलं’ एवढंच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. आर-थ्री काचेसाठी, आर-सिक्स संडासाच्या भांड्यासाठी. पण आकडा जुन्या माणसाच्या डोक्यात असतो. कालच गावाहून आलेल्या मुलाने संडासाचं ॲसिड संगमरवरी ओट्यावर मारलं, तर संगमरवराची झिलई तिथेच जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही.

आपण मात्र रुग्णालयातच राहू आणि हायपोच धरू, कारण सफाईच्या सामानात सर्वांत जास्त वापर आणि सर्वांत जास्त गैरसमज याच्याच वाट्याला आले आहेत. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, बोलीभाषेतलं ब्लीच. आपल्याकडे तो बहुधा पाच टक्क्यांचा मिळतो, कधी दहाचा. फरशी आणि खाटांसारख्या पृष्ठभागांसाठी रोजच्या वापरात ०.१ टक्का पुरतो. रक्त सांडलं असेल तर ०.५ टक्का लागतो.

हिशेब अवघड नाही. कॅनची टक्केवारी भागिले हवी असलेली टक्केवारी, त्यातून एक वजा. उत्तर येईल तितके भाग पाणी. पाचातून ०.१ करायचं तर पाच भागिले ०.१ म्हणजे पन्नास, वजा एक म्हणजे एकोणपन्नास. एक भाग हायपोला एकोणपन्नास भाग पाणी. दहा लिटरच्या बादलीत हे बसवलं की २०० मिलिलिटर हायपो आणि बाकी पाणी. रक्तासाठी ०.५ टक्का हवा तेव्हा एकास नऊ, म्हणजे अर्धा लिटर करायचं तर ५० मिलिलिटर हायपो आणि ४५० मिलिलिटर पाणी.

प्रत्यक्षात हे माप ‘एक टोपण’, ‘दोन टोपणं’ किंवा ‘वास येईपर्यंत’ असं असतं. अंदाजपंचे दाहोदरसे. ताकात पाणी थोडं जास्त पडलं तर ताक पातळ होतं, एवढंच. इथे मात्र दोन्ही बाजूंनी चुकतं. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत आणि फरशी मात्र स्वच्छ दिसते, त्यामुळे चूक कधीच लक्षात येत नाही. जास्त पडलं तर डोळे चुरचुरतात, खोकला येतो, खाटांच्या लोखंडाला गंज चढतो, स्टीलच्या नळांवर डाग पडतात. ‘थोडं जास्त घातलं तर जास्त स्वच्छ’ हा समज फक्त हायपोच्या बाबतीत नाही. फरशीचं लिक्विड जास्त झालं की त्याचा चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, फरशी लवकर काळी दिसते, मग आणखी लिक्विड. शिवाय ओल्या थरावरून पाय घसरतो तो वेगळाच.

कागदावर ‘१:२०’ लिहून ठेवण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. एक भागात वीस भाग पाणी, की एकूण वीस भागांत एक? दोघं दोन अर्थ लावतात. भिंतीवरच्या तक्त्यावर मिलिलिटर आणि बादली असंच लिहावं. त्याहून चांगलं म्हणजे बादलीत आतून दहा लिटरला पक्की रेघ आणि मापाच्या मगावर २०० ला रंगीत पट्टी. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही रेघ वाचता येते.

आधी पाणी, मग रसायन, हा क्रम नेहमीचा. रिकाम्या बादलीत आधी रसायन ओतून वरून नळ सोडला तर तीव्र थेंब तोंडावर उडतात आणि साबणाचं द्रावण असेल तर बादलीभर फेस होतो. पाणी थंड हवं. गरम पाण्याने हायपोमधला क्लोरीन लवकर उडून जातो, नाकात जातो आणि बादलीत कमी राहतो. हातात रबरी मोजे आणि ओतताना डोळ्यांना चष्मा. हे सगळं दहा मिनिटांच्या कामाला फार वाटतं, म्हणूनच दर मजल्यावर वेगवेगळं करण्याऐवजी सकाळी एका माणसाने एका जागी सगळ्या बादल्यांचं द्रावण करावं.

आता यातली खरी अडचण. कॅनवर पाच टक्के छापलेलं असतं ते भरल्या दिवशीचं. हायपो पडल्या पडल्या विरतो. उष्णता आणि उजेड यांनी तो झपाट्याने विरतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की विरण्याचा वेग तिपटीहून अधिक होतो. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन आणि जानेवारीत सावलीत ठेवलेला कॅन यांवरचं लेबल सारखंच असतं, आतला माल सारखा नसतो. समजा, कॅन उतरून तीन टक्क्यांवर आला आहे. मावशींनी मापाने, अगदी बरोबर, २०० मिलिलिटर घातलं. बादलीत ०.१ टक्का म्हणजे हजार पीपीएम हवेत, तिथे सहाशेच मिळतील. मावशींची काही चूक नाही.

हे ओळखायला क्लोरीन तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. द्रावणात बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. पट्टी हजार पीपीएमपर्यंत मोजणारी घ्यावी लागते. पोहण्याच्या तलावासाठीची पट्टी आणली तर एवढ्या क्लोरीनमध्ये तिचा रंगच उडतो, ती पांढरी पडते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की द्रावणात काहीच नाही. आपल्या उदाहरणात पट्टीने सहाशे दाखवले, तर दहा लिटरला साधारण ३३० मिलिलिटर हायपो लागेल. पण त्या हिशेबात रमण्यापेक्षा नवा कॅन उघडावा आणि जुना का उतरला ते पाहावं. पातळ केलेलं द्रावण तर आणखी नाजूक. ते रोज सकाळी नवं करायचं आणि संध्याकाळी उरलेलं टाकायचं. कालच्या बादलीत आज थोडं आणखी ओतून ‘वाढवायचं’ नाही, कारण मग आत किती आहे ते कोणालाच सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी पट्टीही सांगत नाही. मळावर हायपो वाया जातो. धूळ, रक्त, उलटी यांच्यावरच तो खर्च होतो आणि जंतूंसाठी उरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसायचं, मग हायपो, आणि तो लगेच कोरडा न करता पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. रक्ताच्या जागी दहा मिनिटं तरी. घाईत फडकं फिरवून लगेच सुकवलं तर फक्त वास मागे राहतो. सांडलेल्या लघवीवर तर थेट ओतूच नये. तिच्यातल्या अमोनियासारख्या घटकांशी मिळून झोंबणारा वायू होतो. आधी टिपून घ्यायची.

आता ॲसिड. संडास घासायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या आसपास. पिवळे डाग निघेनात म्हणून मावशी ॲसिड ओततात, घासतात, आणि ‘जंतूही मरू देत’ म्हणून त्यावर हायपो घालतात. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडास चार बाय सहाचा, दार लोटलेलं, पंखा बंद. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, त्यामुळे तो खाली साचतो, आणि आपल्याकडे घासणारं माणूस उकिडवं बसलेलं असतं. उभ्या माणसाला नुसता ठसका लागेल, तिथे बसलेल्याच्या छातीत आग होते. अशा वेळी बादली उचलायला किंवा पाणी ओतायला न थांबता लगेच बाहेर पडायचं, दार उघडं टाकायचं, आणि श्वास नीट झाला तरी डॉक्टरांना दाखवायचं, कारण फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो. त्याचीही हायपोशी गाठ पडू द्यायची नाही.

मावशींना हे माहीत नसतं असं नाही. ‘दोन औषधं एकत्र करू नका’ हे त्यांनी ऐकलेलं असतं. पण चिठ्ठी नसलेल्या बाटलीत दुसरं औषध आहे हे त्यांना कळणार कुठून?

म्हणून चिठ्ठी. आत काय आहे, किती पातळ केलं आहे, कुठे वापरायचं, कोणत्या तारखेला किती वाजता केलं, कधी टाकायचं आणि कोणी केलं. ‘हायपो ०.१ टक्का, फरशी व खाट, ६ मे सकाळी ७, संध्याकाळी ७ ला टाका’ आणि खाली सही किंवा खूण. सोबत जगभर वापरलं जाणारं धोक्याचं चिन्ह, म्हणजे लाल चौकटीत हात आणि धातू खाणारे थेंब, किंवा नुसतं उद्गारचिन्ह, मूळ कॅनवर जे असेल ते. साध्या पेनाने लिहिलेलं ओल्या हाताने दुपारपर्यंत पुसलं जातं. पक्क्या मार्करने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी मारली तर टिकतं. न बदलणारा मजकूर छापून घ्यावा, तारीख-वेळ तेवढी रोज लिहावी. एक बाटली एकाच पदार्थाची, जन्मभर. हायपोची बाटली अपारदर्शक. आणि खाण्यापिण्याच्या कोणत्याही बाटलीत काहीही भरायचं नाही, चिठ्ठी लावूनसुद्धा नाही. तहानलेलं माणूस, विशेषतः रात्री, चिठ्ठी वाचत नाही.

तरीही कोणी प्यालंच तर उलटी करवू नये. ॲसिड किंवा ब्लीच गिळताना एकदा अन्ननलिका जाळतं, उलटीत दुसऱ्यांदा. डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरायचा. दोन्ही वेळी १०८ ला फोन करायचा, आणि डॉक्टरांकडे जाताना मूळ कॅन किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्यायचा. रसायन विकणाऱ्याकडून त्याचं सुरक्षा माहितीपत्रक मागून घेता येतं. त्यातलं प्रथमोपचाराचं पान मराठीत करून कपाटाच्या दारावर लावावं.

कपाटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ॲसिड आणि हायपो वेगवेगळ्या खणांत, शक्यतो वेगवेगळ्या कपाटांत, दोन्ही खालच्या फळीवर आणि कडा असलेल्या ट्रेमध्ये, म्हणजे गळलं तरी एकमेकांना भेटणार नाही. डोळ्यांच्या वर द्रव ठेवायचा नाही. चादरी आणि जेवणाचं सामान या खोलीत नको. हायपोतून हळूहळू वायू सुटत असतो, त्यामुळे उन्हात ठेवलेला घट्ट बंद कॅन फुगतो. तो फुगलेला दिसला की सावलीत न्यायचा आणि टोपण तोंडापासून लांब धरून सावकाश उघडायचं. आधी आलेला माल आधी वापरायचा, उघडल्याची तारीख कॅनवर लिहायची.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मिनरल वॉटरच्या त्या बाटल्या येतात कुठून? कपाटाला कुलूप असतं, किल्ली इनचार्ज सिस्टरकडे, आणि त्या सहा वाजता घरी जातात. रात्री दोनला रक्त सांडलं तर करायचं काय, म्हणून रात्रपाळीचे मामा संध्याकाळीच थोडं बाटलीत भरून बाकाखाली ठेवतात. कुलूप सुरक्षिततेसाठीच लावलेलं, पण बेनाव बाटलीला जन्म त्यानेच दिला. तोडगा म्हणजे रात्रपाळीसाठी वेगळा, लहान, चिठ्ठी लावलेला डबा. त्यात मोजे, टिपकागद आणि बंद बाटलीत मापून ठेवलेला ५० मिलिलिटर हायपो, सोबत ४५० मिलिलिटरची रेघ मारलेलं भांडं. पाणी तेवढं त्या वेळी घालायचं.

फडक्यांकडे वळू. एकाच फडक्याने संडासाची कडी, मग बेसिन, मग पेशंटच्या जेवणाचं स्टूल पुसलं, तर हायपो कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. ब्रिटनमध्ये सफाईच्या क्षेत्रात चार रंगांची पद्धत रुजली आणि २००७ मध्ये तिथल्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने रुग्णालयांसाठी ती एकसारखी ठरवून दिली. लाल संडास-न्हाणीघराला, निळा वॉर्ड आणि ऑफिसला, हिरवा स्वयंपाकघराला, पिवळा संसर्गाच्या वेगळ्या खोल्यांना. पण हॉटेल आणि ऑफिसांत याच पद्धतीत पिवळा बेसिनसाठी वापरतात. म्हणजे हॉटेलातून रुग्णालयात नोकरीला आलेला मुलगा आपल्या शिस्तीने पिवळं फडकं घेऊन बेसिन पुसेल, आणि ते फडकं असेल संसर्गाच्या खोलीचं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतही पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हेच रंग आहेत, आणि त्यांचा अर्थ वेगळा. त्यात निळा काचेसाठी, लाल वापरलेल्या नळ्या आणि प्लॅस्टिकसाठी. वॉर्डात शिरलेल्या नव्या मावशींसमोर निळा डबा आणि निळं फडकं शेजारी असतं. म्हणून रंगांचा एकच तक्ता लावू नये. कचऱ्याचा डब्यांच्या वर, फडक्यांचा ट्रॉलीवर, आणि फडक्याच्या तक्त्यावर रंगासोबत चित्र. काहींना लाल-हिरवा फरक दिसत नाही, आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. फडक्याच्या कोपऱ्यावर दोऱ्याने ‘सं’, ‘वॉ’, ‘स्व’ शिवून घ्यायला शिंप्याला फार वेळ लागत नाही.

फडकं दोनदा दुमडलं की त्याच्या आठ बाजू होतात. एक बाजू मळली की उलटायचं, आठ संपल्या की धुवायच्या पिशवीत. वापरलेलं फडकं परत स्वच्छ द्रावणाच्या बादलीत बुडवायचं नाही. बहुतेक ठिकाणी पद्धत इथेच मोडते, कारण फडकी कमी असतात. वीस खाटा, खाटेला एक निळं फडकं, सकाळची एक फेरी, म्हणजे वीस. एक संच वापरात, एक धुण्यात, एक वाळून फळीवर, असे निळेच साठ हवेत. मालकाने बारा आणून दिले असतील तर मावशी फडकं बुडवणारच.

धुताना लाल वेगळी. मायक्रोफायबर सुती कापडासोबत धुतलं तर त्याच्यात धागे अडकतात, आणि कपडे मऊ करायचं लिक्विड घातलं की ते पाणी शोषेनासं होतं. हायपोत वरचेवर बुडवलेलं सुती लाल फडकं महिन्या-दोन महिन्यांत गुलाबी होतं. हे गुलाबी संडासाचं की आणखी कशाचं, असा प्रश्न ज्या दिवशी कोणाला पडतो त्या दिवशी ते बाद.

हे सगळं शिकवायचं कसं? सभागृहात बसवून स्लाइड दाखवून सही घेतली जाते, पण ते शिकणं सहीपुरतंच. अनेक कर्मचारी ठेकेदाराकडचे, काही महिन्यांत बदलणारे. कोणाला मराठी वाचता येतं, कोणाला फक्त हिंदी कळतं, कोणाला दोन्ही नाही. म्हणून कामाच्या जागी, नळाशी, एकेकाला. सुपरवायझरने एकदा करून दाखवायचं आणि मग म्हणायचं, “मावशी, आता तुम्ही करा, मी बघतो.” मावशींनी बादली भरली की तिथेच पट्टी बुडवायची. हजारचा रंग आला तर त्यांना आला आणि सुपरवायझरलाही आला. दुसरी परीक्षा अशी की चिठ्ठी नसलेली बाटली मुद्दाम ट्रॉलीवर ठेवायची, आत साधं पाणी, आणि काय होतं ते पाहायचं. बरोबर उत्तर एकच. वास न घेता, न वापरता बाजूला काढायची आणि सांगायचं. सांगणाऱ्याला ‘कुणी भरली ती?’ म्हणून झापलं तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

शिकवण्याच्या यादीतून नेहमी सुटतो तो खरेदी करणारा. दुकानदाराकडे पाच टक्क्यांचा कॅन नव्हता, म्हणून त्याने दहाचा आणला. भाव बरा पडला. मगावरची पट्टी मात्र २०० लाच आहे. त्या दिवसापासून प्रत्येक बादली दुप्पट तीव्र, आणि वॉर्डात खोकल्याची तक्रार आली की दोष मावशींना. टक्केवारी बदलली त्याच दिवशी मगावरची जुनी पट्टी खरवडून १०० ला नवी लावायची, भिंतीवरचा तक्ता बदलायचा, आणि पहिली बादली पट्टीने तपासल्याशिवाय वर पाठवायची नाही.